शिक्का कोणी मारायचा

बाबा कुवेतला मीना अब्दुल्ला या गावच्या रिफायनरीत इंजिनिअर होते. कंपनीने त्यांना ट्रेनिंगसाठी इटलीला पाठवलं, तेव्हा सुट्टीत आई आणि मीही कुवेतमधल्या रिग्गईच्या आमच्या घरून तिकडे गेलो.

जवळच्या गावाला जाणाऱ्या ट्रेनची तिकिटं बाबांनी काढली आणि सिव्हिल आयडीच्या, म्हणजे कुवेतच्या ओळखपत्राच्या, प्लास्टिक कव्हरात जपून ठेवली.

प्लॅटफॉर्मवर आई म्हणाली, "अहो, लोक त्या पिवळ्या डब्यात तिकीट घालतायत."

"ते स्टाफचं असेल. हात लावू नकोस."

कुवेतमध्ये कागदावर शिक्का काउंटरमागचा माणूस मारतो. आपण रांगेत उभं राहायचं आणि मारल्याबद्दल आभार मानायचे. बाबांची सगळी वर्षं त्यातच गेली होती.

गाडी सुटल्यावर तपासनीस आला. तिकिटावर त्या पिवळ्या मशीनने छापलेली तारीख-वेळ नाही, म्हणजे ते पुन्हा वापरता येईल, म्हणून दंड. लगेच भरला तर कमी, नाहीतर पासपोर्टवरून नाव-पत्ता लिहून घेणार.

"बाबा, भांडा ना. तिकीट तर काढलंय आपण."

"गप्प बस. नाव कंपनीपर्यंत गेलं तर? इकामा रिन्यू व्हायचाय."

राहण्याचा परवाना मालकाच्या हातात असला की माणूस परदेशातल्या गाडीतही घाबरतो. याची चीड मला आजही येते. बाबांनी दंड भरला आणि वर तपासनिसाला "थँक यू, सर" म्हटलं.

परतताना बाबा परतीचं तिकीट घेऊन तसल्याच पिवळ्या मशीनपुढे उभे राहिले. हात पुढे झाला, पण आधी त्यांनी मागे वळून पाहिलं, कोणी अडवतंय का ते.