शेगडीपुढचा पल्ला

आमचे सासरे, म्हणजे बाबा, फार सभ्य माणूस. आता तुम्ही म्हणाल सुनेनं सासऱ्याचं कौतुक करायचं म्हणजे काही तरी गडबड आहे, पण खरंच सांगते, चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवून ज्यांनी कुणावर आवाज चढवला नाही असे ते. बायका स्वयंपाकघरात असल्या की दारापाशी येऊन आधी खाकरायचे, दोन क्षण थांबायचे आणि मगच आत पाऊल टाकायचे. इकडे माळव्यात, फ्रीगंजमधल्या आमच्या तीन खोल्यांच्या घरात या खाकरण्याची गरज काय, असं मला लग्न होऊन आल्यावर वाटायचं. पुढे सवय झाली. मी डोक्यावर पदर कधी घेतला नाही आणि त्यांनी तो कधी मागितला नाही.

दीदीचं तसं नव्हतं. दीदी म्हणजे आमच्याकडे स्वयंपाकाला येणारी बाई. माझ्याहून चांगली दहा वर्षांनी लहान, पण सगळं घर तिला दीदीच म्हणतं. माळव्यातल्या खेड्यातली, लग्न होऊन देवास गेटच्या मागे एका गल्लीत आलेली. नवरा ई-रिक्षा चालवतो, मुलगी कॉलेजात. आमचं धरून चार घरं तिच्याकडे होती आणि चारही घरांत तिच्या हातच्या फुलक्यांची तारीफ. बोलायला एकदम तेज. मला म्हणायची, "भाभी, आप मराठी लोग दाल में गुड़ डालते हो, फिर पूछते हो कि शुगर कैसे हो गई." पण वयानं मोठा पुरुष समोर आला की तोंडाचा पट्टा बंद, मान खाली आणि डोक्यावर पल्ला, म्हणजे पदर. तिच्या दृष्टीनं त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच. आपण चप्पल दाराबाहेर काढतो तसंच ते.

ती साडी मी दिली होती. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर नंतर सांगायला धीर होणार नाही. दिवाळीला टावर चौकातून आणलेली, डाळिंबी रंगाची जॉर्जेट, पातळ आणि सुळसुळीत. ती रोज जाड सुती साड्या नेसून यायची आणि मी तिच्या मागे लागायचे, "का गं, माझी साडी आवडली नाही वाटतं?" ती हसायची, टाळायची. एके दिवशी नेसून आली. मी म्हटलं, "आता कशी हीरोइन दिसतेस!" ती लाजली. मला काय बरं वाटलं होतं तेव्हा!

त्याच दिवशी, सकाळचे दहा वाजले असतील. ओट्यावर गॅस खिडकीखाली, पुढच्या बर्नरवर तवा, मागच्यावर भाजी. तिची साडी नेसायची पद्धत तिकडची, सीधा पल्ला. म्हणजे पदर मागून उजव्या खांद्यावरून पुढे येतो, छातीवर पसरतो आणि त्याचं टोक डाव्या कमरेला खोचतात. फुलका तव्यावर दोन्हीकडून शेकला की तवा उचलायचा आणि फुलका सरळ आचेवर टाकायचा, टम्म फुगवायचा. त्यासाठी आच मोठी ठेवलेली.

मी बाजूला कोथिंबीर निवडत होते. बाबा दारात आले आणि खाकरले.

दीदीचा डावा हात लगेच मागे गेला, तिनं पाठीवरचं कापड ओढून डोक्यावर घेतलं. आता कापड काही वाढत नाही. डोक्यावर वीतभर गेलं तेवढं पुढे कमी पडलं, कमरेला खोचलेलं टोक सुटलं. सुती असतं तर कदाचित अडकून राहिलं असतं, ते सुळसुळीत निघून आलं आणि तिच्या पोटासमोर लोंबायला लागलं, बरोबर पुढच्या बर्नरवर. उजव्या हातात तवा होता. तिचं लक्ष दाराकडे, माझं कोथिंबिरीत. बाबा म्हणाले, "चाय मिल जाएगी क्या बेटा?" आणि ती "जी बाबूजी" म्हणाली, तेव्हा तिचा पदर पेटलेला होता आणि आम्हा तिघांपैकी कुणाला पत्ता नव्हता.

मला आधी वास आला, प्लास्टिक जळल्यासारखा. मान वर केली तोवर ज्वाळा तिच्या छातीपर्यंत आलेली. एवढ्या लवकर! लोंबतं पातळ कापड खालून पेटलं की आग वरवर चढते, दोन्ही बाजूंनी हवा मिळते, अडवायला काही नसतंच. तिनं डाव्या हातानं ती झटकली, आणि झटकल्यावर आणखी भडकली. मग ती धावली. माणूस धावणारच हो, त्याला काय शिकवणार? पण धावलं की वारा लागतो. गॅलरीकडे निघाली होती, तिथे तर नुसता वारा.

माझे हातपाय गळाले असं मी लिहिणार होते, पण ते खोटं होईल. हातपाय नंतर गळाले. तेव्हा मी ओरडले, "बैठ! नीचे लेट!" आणि मधल्या खोलीत गाठून तिला अक्षरशः पाडलं. दिवाणावरची सुती सतरंजी ओढून तिच्यावर घातली, गळ्याकडून खाली दाबत गेले आणि तिला लोळवलं. बाबांनी गॅस बंद केला. ऐंशी पार केलेला माणूस, पण आधी शेगडीचं बटण आणि मग सिलिंडरचं, दोन्ही बंद केली.

आग विझली. दीदी "भाभी, साड़ी... आपकी साड़ी" असं काहीतरी म्हणत होती. मी तिला न्हाणीघरात नेऊन नळाखाली बसवलं. डाव्या हातातल्या बांगड्या काढल्या, कारण सूज आली की निघत नाहीत. कापड जिथं कातडीला चिकटलं होतं तिथं हात लावला नाही. शेजारच्या काकू टूथपेस्ट घेऊन धावत आल्या, त्यांच्या मागून कुणीतरी हळद आणली, तिसरी म्हणाली बर्फ लावा. मी अशी ओरडले सगळ्यांवर की काकू दोन महिने माझ्याशी बोलल्या नाहीत. "पाणी! फक्त साधं पाणी! चांगली वीस मिनिटं!" हे मला नोकरीत असताना ऑफिसच्या एका प्रशिक्षणात सांगितलं होतं. त्या दिवशी मी मागच्या रांगेत बसून स्वेटर विणत होते, देवाची कृपा की कान उघडे होते. मग भाजलेल्या भागावर स्वच्छ धुतलेली चादर सैल घातली आणि हॉस्पिटल गाठलं.

डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत, गळ्याखालचा थोडा भाग. जीव वाचला होता. ड्रेसिंग करताना डॉक्टर मुलीनं विचारलं, "कपडा कौन सा था?" मी म्हटलं जॉर्जेट. ती म्हणाली, हे कापड वितळून कातडीला चिकटतं, म्हणून जखम खोल जाते. सुतीसुद्धा पेटतंच, पण असं चिकटत नाही, आणि जाड, घट्ट विणीचं असेल तर जरा वेळ देतं. "लेकिन आंटी, असली बात लटकता हुआ सिरा है. पल्ला हो, दुपट्टा हो, ढीली बाँह हो." मी मान हलवली. माझ्या स्वतःच्या पदराला तेव्हा हळदीचे आणि काजळीचे डाग होते. तीस वर्षं मी त्याच पदरानं गरम पातेली उतरवलीत. सांडशी समोर टांगलेली असते आणि आपण पदर वापरतो, काय म्हणायचं याला!

घरी बाबांनी चहा सोडला. स्वयंपाकघराकडे फिरकेनात. एकदा संध्याकाळी म्हणाले, "सूनबाई, त्या दिवशी मी खाकरलो नसतो तर?"

मी चिडले. "आणि मी ती साडी दिली नसती तर? आणि मीठ-मसाल्याचे डबे गॅसच्या मागच्या फळीवर मीच ठेवलेत, रोज आम्ही ज्वाळेवरून हात लांब करून ते काढतो, त्याचं काय? आणि खिडकीचा वारा?" दुसऱ्या दिवशी माणूस बोलावून ती फळी काढवली, डबे बाजूच्या भिंतीला नेले, शेगडी खिडकीपासून सरकवली. राग कुठेतरी काढायचा होता ना.

दीदीचा हात भरत आला, पण दुसरंच निघालं. मी भेटायला गेले तेव्हा घरी तिची मुलगी पोळ्या करत होती. दीदी आतल्या खोलीत, गॅसकडे पाठ करून. म्हणाली, "भाभी, लाइटर की आवाज़ से ही हाथ काँपने लगता है." बाकीच्या तीन घरांनी दुसऱ्या बायका ठेवल्या होत्या. तिला दुसरं काम येत नव्हतं आणि शिकायचं वयही नाही म्हणे. "खाना बनाना ही तो आता है मुझे. वही नहीं हुआ तो मैं क्या हूँ?" तिची सासू बाहेरून म्हणाली की जा, पण पल्ल्याचं भान ठेवून जा, मोठ्यांसमोर बोडकी उभी राहू नकोस. मी तिच्यासाठी दोन गाऊन नेले होते. ते पाहून दीदी बऱ्याच दिवसांनी हसली. "भाभी, आप फिर कपड़ा ले आईं? और इतनी ढीली बाँहें!" मला हसूही आलं आणि मेल्याहून मेल्यासारखंही झालं. गाऊन मी परत आणले.

दोन महिन्यांनी, मंगळवारी, ती आली. मुलीचा जाडसर सुती कुर्ता, अंगाबरोबर बसणारा, बाह्या कोपरापर्यंत, खाली सलवार. ओढणी नाही. केसांचा घट्ट अंबाडा. डाव्या हातावर गुलाबी, ताणलेली कातडी. ओट्यापाशी उभी राहिली, लाइटर उचलला, खाली ठेवला. पुन्हा उचलला. मी म्हणणार होते, राहू दे, आज मी करते. पण म्हटलं नाही, जिभेला लगाम घातला.

"भाभी, बाबूजी को बुलाओ," ती म्हणाली.

बाबा आले. ती त्यांच्याकडे तोंड करून उभी राहिली. इतक्या वर्षांत बाबांनी तिचा पुरा चेहरा पहिल्यांदाच पाहिला असेल. शब्द साफ होते. "बाबूजी, अब मैं पल्ला नहीं लूँगी. ऐसे ही काम करूँगी. आपको बुरा लगे तो अभी बोल दो, मैं लौट जाऊँगी."

बाबांनी दाराची चौकट धरली. हिंदी त्यांची पक्की, पण तेव्हा अडखळली. "बुरा तो उस दिन लगा, बेटा. इतने बरस मेरी आहट पर तुम चूल्हे से ध्यान हटाकर पल्ला सँभालती रही, और मैं समझता रहा कि मेरा मान हो रहा है." मग म्हणाले, "मुझे माफ़ कर दो." गणिताचे मास्तर, सगळ्या मोहल्ल्यात ज्यांना लोक वाकून नमस्कार करतात, ते असं म्हणाले. मला रडूच फुटलं.

दीदी ओट्याकडे वळली. डोळे भरून आले होते तिचे, आणि पुसायला हात आपोआप खांद्यावर गेला, पदर शोधायला. तिथं काहीच नव्हतं. हात क्षणभर तसाच राहिला. मग तिनं मान वाकवून कुर्त्याच्या बाहीला डोळे पुसले, लाइटर उचलला आणि गॅस पेटवला.