कोपऱ्यातला चार

आमचे सासरे छापखान्यात मुद्रितं तपासायचे. एकदा तिथल्या साप्ताहिकाच्या शेवटच्या पानावर कोपरा रिकामा राहिला, म्हणून त्यांनी तिथे आकड्यांचा चौकोन टाकला. आडवी, उभी, तिरकी, कुठलीही ओळ घ्या, बेरीज पंधरा. काही घरं भरलेली, बाकीची वाचकांनी भरायची. तो कोपरा त्यांना जन्माचा चिकटला. नोकरी संपली, पण कोडी सुरूच राहिली.

कोडं बनवण्याची त्यांची रीत मला पाठ आहे, कारण ते सगळं माझ्या स्वयंपाकाच्या टेबलावर चालतं. जुन्या कोटांची बटणं, प्रत्येकावर रंगाने आकडा. बटणांचा पसारा मांडला की भाजी चिरायची सोय नाही. मी कुरकुरते, ते "झालंच, झालंच" म्हणतात, आणि काही होत नाही. माणूस मात्र लाख मोलाचा, आणि त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान असतं, त्यापुढे भाजी दहा मिनिटं थांबली तर बिघडत नाही.

गेल्या काही अंकांपासून त्यांनी त्रिकोण सुरू केला होता. एक ते सहा आकडे, तीन टोकांना तीन, तीन बाजूंच्या मध्यावर तीन. प्रत्येक बाजूची बेरीज सारखी हवी. आणि तिथेच घात झाला. छापलेल्या कोड्यात एका टोकाला चार दिला होता आणि बाजूची बेरीज दहा सांगितली होती. अंक निघाला त्याच दिवशी फोन वाजला. वर्षानुवर्षं कोडी सोडवणाऱ्या एक नर्सबाई होत्या.

"काका, रागावू नका हं. पण हे सुटतच नाही. चार टोकाला बसतच नाही."

सासऱ्यांनी बटणं मांडली. हलवली. पुन्हा मांडली. मग चेहरा पांढराफटक. त्यांच्या थोरल्या भावाला म्हातारपणी घरचा रस्ताही आठवेनासा झाला होता. ते विसरणं कसं सुरू झालं, हे ते एकदाच मला बोलले होते: आधी लहान हिशेब चुकायला लागले. बस, तेव्हापासून हीच धास्ती.

त्यांनी संपादकांना फोन लावला. "माझं कोडं बंद करा. डोकं साथ देत नाही आता." संपादक काय म्हणाले ते ऐकलंच नाही, फोन ठेवून दिला. नवरा म्हणाला, "बाबांना जरा एकटं राहू दे." नवऱ्याचं हे असंच. मला ते पटेना. एकटं राहू देऊन कोणाची भीती गेली आहे?

मी चहा घेऊन समोर बसले. "बाबा, हे कोडं बनवलंत कसं, मला दाखवा."

"काय दाखवू? जुन्याचंच नवं केलं."

"तेच दाखवा."

त्यांनी नाइलाजाने आधीच्या अंकातला त्रिकोण मांडला. टोकांना एक, तीन, पाच. एक आणि तीनच्या मध्ये सहा, तीन आणि पाचच्या मध्ये दोन, पाच आणि एकच्या मध्ये चार. प्रत्येक बाजू दहा. "आता प्रत्येक आकडा सातातून वजा करायचा. एकाचे सहा, तिनाचे चार, पाचाचे दोन. वाचकाला ओळखू येत नाही. चौकोनात मी कायम हेच करतो, तिथे दहातून वजा करतो."

त्यांनी मधली बटणंही बदलली. सहाच्या जागी एक, दोनच्या जागी पाच, चारच्या जागी तीन. मी सहज बोटाने एक बाजू मोजली. "सहा, एक, चार. अकरा."

"दहा."

"अकरा होतात, बाबा."

त्यांनी तिन्ही बाजू मोजल्या. अकरा, अकरा, अकरा. मग टेबलावर अशी थाप मारली की दोन बटणं खाली घरंगळली.

"अगं, चौकोनात ओळीत तीन आकडे, तिन्ही दहातून वजा, म्हणजे तिसातून पंधरा गेले, उरले पंधराच! बेरीज हलत नाही. म्हणून मी मोजतच नाही कधी. आणि इथे तीन सत्ते एकवीस. एकविसातून दहा गेले, उरले अकरा. चौकोनाची सवय त्रिकोणात घुसली!"

"म्हणजे विसरला नाहीत."

"विसरलो कसला! सगळं बरोबर केलं, फक्त बेरीज तशीच ठेवली."

ते हसत सुटले. मीही हसले, पण डोळे माझेच भरून आले, कारण सकाळपासून मलाही त्या थोरल्या भावाचीच आठवण छळत होती. हे मी कोणालाच बोलले नव्हते.

त्यांनी संपादकांना पुन्हा फोन लावला. "चूक माझीच आहे, तसं छापा. बेरीज अकरा हवी. आणि खाली विचारा की बेरीज दहा असताना चार टोकाला का बसत नाही, बघू कोण सांगतं." मग जरा थांबून, आवाज खाली आणून, "आणि सकाळी ते बंद करायचं म्हणालो ना... ते राहू द्या."

फोन ठेवून ते माझ्याकडे वळले. "डोकं चालतंय गं माझं. भलतीकडे गेलं, पण चालतंय."

"चालतंय ना, मग बटणं उचला," मी म्हटलं, "मला भाजी चिरायची आहे." त्यांनी बटणं उचलली नाहीत. नवा त्रिकोण मांडला, आणि या वेळी तिन्ही बाजू मोठ्याने मोजल्या. मी भाजी मांडीवर घेऊन चिरली.