परत न आलेली कामं

मावशींना एका गोष्टीचा फार अभिमान होता. त्यांचं काम कधी परत येत नसे. काम म्हणजे, संगणकावर रस्त्यांचे फोटो यायचे आणि त्यातल्या प्रत्येक वस्तूभोवती चौकट ओढून नाव द्यायचं: सायकल, कुत्रा, हातगाडी. त्यावरून म्हणे पुढे मोटारी आपापल्या चालायला शिकणार. इतरांची कामं 'चुकलंय, दुरुस्त करा' असा शेरा घेऊन माघारी यायची, मावशींची नाही. तपासणारा टीम लीडर त्यांचा सख्खा जावई होता, पण तो निव्वळ योगायोग, असं मावशींचं प्रामाणिक मत होतं. ऑफिसात तो त्यांना मॅडम म्हणे आणि त्या त्याला सर.

आदल्या दिवशी लेक-जावई जेवायला आले तेव्हा मावशींनी सहज विचारलं होतं, "काय सर, आमचं काम कसं चाललंय?" जावयाला जोरदार ठसका लागला. "छान, फारच छान," म्हणत तो तांब्याभर पाणी प्यायला.

आणि आज सकाळी शिफ्ट सुरू होताना मावशींच्या स्क्रीनवर एकच ओळ: 'तुमच्यासाठी एकही काम नाही.'

मावशींनी ती ओळ दोनदा वाचली. पन्नाशी उलटल्यावर स्वतःच्या हिमतीवर मिळवलेली नोकरी गेली की काय! त्यांनी रुमालाने स्क्रीन पुसली. स्क्रीन लख्ख झाली, कामं आली नाहीत.

शेजारच्या खुर्चीवर एक मुलगी बसायची. तिला कसलीच घाई नसल्यामुळे सगळे तिला 'निवांत'च म्हणत. तिने मान लांबवून पाहिलं. "मावशी, फिल्टर बघा. काल 'पूर्ण झालेली' लावून आपलीच कामं मोजत होतात ना? तोच राहिलाय."

फिल्टर काढला. तरी शून्य.

"मग सिंक झालं नसेल, म्हणजे नवी कामं अजून उतरली नसतील. कोपऱ्यात शेवटच्या सिंकची वेळ दिसते, ती पुढे सरकेपर्यंत थांबा."

मावशी त्या वेळेकडे टक लावून बसल्या. दूध उतू जाण्याची वाट बघावी तशा. वेळ सरकली. निवांतकडे फोटोंची रांग लागली, मावशींकडे पुन्हा शून्य. लॉगआऊट झालं, लॉगइन झालं, तरी तेच.

"जावईबापूंना विचारा की," निवांत म्हणाली.

"मुळीच नाही!" काढायचंच असेल तर त्यांनी तोंडावर सांगावं, असं मावशींच्या मनात होतं. त्यांनी सरळ सपोर्टला फोन लावला. ऐकू नीट येईना म्हणून स्पीकर चालू केला, आणि सगळा मजला कान टवकारून बसला.

"मॅडम, वर तुमच्या नावाखाली टीम कोणती दिसते?" सपोर्टवाल्याने विचारलं.

मावशींनी चष्मा सावरला. "दुकान टीम. अहो, पण मी तर रस्ते टीमची!"

"तेच तर. तुमची टीम बदललीय, पण दुकानाच्या प्रोजेक्टची परवानगी दिलेली नाही. म्हणून रस्त्याची कामं दिसत नाहीत आणि दुकानाचीही नाहीत. थांबा, कोणी बदललं ते इथे नोंदलेलं असतं. हां, काल रात्री उशिरा. तुमच्याच टीम लीडरने."

सगळ्या माना टीम लीडरकडे वळल्या. काचेच्या केबिनमधला जावई खुर्चीत खाली खाली सरकत होता. मावशी तडक आत गेल्या.

"अहो जावईबापू, काय गुन्हा केला मी?"

"आई, गुन्हा नाही हो," तोही मॅडम विसरला. "तुमचं काम परत पाठवायला माझा हात धजत नाही. सासूला 'चुकलंय' कसं लिहू? इतके दिवस तुमच्या चुका मीच गुपचूप दुरुस्त करत होतो. काल तुम्ही विचारलंत, आणि मला राहवेना. म्हटलं, दुसऱ्या टीममध्ये दुसरा कोणी तपासेल. त्या गडबडीत परवानगी द्यायची राहिली."

मावशींना रडू फुटणार होतं. म्हणजे तो अभिमान सगळा उसना! त्यांनी चष्मा पुसून परत डोळ्यांवर चढवला.

"मला रस्त्यावर परत घाला," त्या म्हणाल्या. आपण काय बोललो ते लक्षात येऊन त्यांनाच हसू आलं. "म्हणजे, रस्ते टीममध्ये. आणि चुकलं की परत पाठवा. घरी मी तुमची सासू. इथे मला काम शिकायचंय."

त्याने टीम बदलली. पुन्हा सिंक होईपर्यंत मावशी बसून राहिल्या, आणि मग फोटो भराभर उतरले. दुपारच्या आत पहिलं काम माघारी आलं. शेरा होता: 'चुकलंय. हातगाडी नव्हे, बाबागाडी.'

मावशी जागेवरूनच ओरडल्या, "सर, बाळ दिसतच नव्हतं!"

"मॅडम, पाय बाहेर आहे!"

मावशींनी फोटो मोठा केला. खरंच, दुलईतून एक इवलासा पाय बाहेर आला होता. त्यांनी नाव बदललं, चौकट पायापर्यंत ओढली आणि काम पाठवून दिलं. थोड्या वेळाने ते पास झालं. या वेळी ते खरोखरच बरोबर होतं, हे मावशींना पक्कं ठाऊक होतं.