कुंद्याची गाडी शुक्रवारी आणा

आमच्या कंपनीत पुरवठादारांना चांगली बातमी इंग्रजी मेलने जाते आणि वाईट बातमी माझ्या तोंडून. बेंगळुरूत राजाजीनगरातल्या आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलतात, हे मी नोकरीला लागताना भाबडेपणाने सांगून बसले. तेव्हापासून बेळगाव-निपाणीकडचं कुणी चिडणार असलं की मॅनेजर त्याच्या कानडी वळणाने म्हणतो, "स्वल्प, जरा तुमच्या भाषेत सांगा."

त्या सोमवारीही तेच. सणाआधी एका बड्या कंपनीचे बिस्किटांचे ट्रक माल उतरवायचा ठरलेला स्लॉट नसताना आत घेतले होते. तुमकूर रस्त्यावरच्या आमच्या गोदामात रॅक भरले, मधल्या वाटांतही खोके रचले, नवा माल उतरवायला जागा उरली नाही. मग मंगळवारची कुणाची गाडी पुढे ढकलायची? बेळगावहून खव्याचा कुंदा पाठवणाऱ्या अक्कांची. चोर सोडून संन्याशाला फाशी!

मी फोन लावला. "अक्का, उद्याची गाडी थांबवा. गोदाम भरलंय. गुरुवारी दुपारी दोन ते चार, नाहीतर शुक्रवारी सकाळी आठ ते दहा. कुठलं जमेल?"

"गुरुवारी गाडी मिळणार नाही. शुक्रवारी पाठवते, पण तारखेचं काय? नाहीतर आजच इथल्या दुकानांत देऊन मोकळी होते."

बाई बरोबर बोलत होत्या. माल आमच्या दारात येतो तेव्हा त्याच्या टिकण्याच्या मुदतीतले दोन तृतीयांश दिवस शिल्लक लागतात. मंगळवारी ते होते, शुक्रवारी कमी पडणार होते. मी फोनवर हात ठेवून मॅनेजरला विचारलं.

"सरी, ठीक आहे, तारखेत सूट देऊ. सांगा त्यांना."

"गेटला तसा मेल टाकाल ना?"

"टाकतो हो! आधी ती गाडी थांबवा."

मी तसं सांगितलं. अक्का म्हणाल्या, "ताई, आपलं माणूस सांगतंय म्हणून थांबते."

शुक्रवारी गाडी वेळेवर आली. गेटवरच्या तपासनिसाने खोक्यावरची तारीख बघितली आणि माल नाकारला. मेल गेलाच नव्हता. मी तावातावाने मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले, तर तो म्हणाला, "आता सिस्टीम घेत नाही, मी काय करू?" सगळा कुंदा आल्या वाटेने परत गेला. बिस्किटांचे खोके मात्र वाटेत पाय पसरून बसलेले होते.

पुढच्या ऑर्डरच्या वेळी गोदाम पुन्हा भरलं. मॅनेजरने मान न वळवताच सांगितलं, "तुमच्या भाषेत सांगा." मी नंबर लावला. "अक्का, नमस्कार, मी बेंगळुरूहून बोलतेय. गाडीचं जरा..."

"मॅडम," पलीकडून शांत आवाज आला, "जो भी है, मेल पे भेज दीजिए."