मुद्दे सहा, खुणा सात

सत्तरच्या दशकाअखेर आमच्या शहरातल्या सदर नावाच्या वस्तीत, एका शाळेत मी दहावीचे इतिहासाचे पेपर तपासत असे. खाली चहाच्या टपरीपाशी कुत्री दिवसभर भुंकून डोकं उठवायची. त्याहून डोकं उठवायची ती उपशीर्षकं न देणारी पोरं.

दुष्काळावरच्या प्रश्नाला आदर्श उत्तरात सहा मुद्दे होते, प्रत्येकाला एक गुण. एका पेपरात तीन पानं सलग मजकूर दिसला. मी वरवर नजर फिरवून दोन गुण दिले.

आम्ही तपासलेले पेपर पुन्हा पाहणाऱ्या मॉडरेटरांनी तो पेपर माझ्यापुढे आपटला. "दोनच काहून, मॅडम? गुण शीर्षकाले नाही, मुद्द्याले आहे. वाचा मोठ्यानं."

मी वाचत गेले. मुद्दा आला की ते समासात हिरव्या शाईने खूण करून त्याचा क्रमांक घालत. पावसाची ओढ आणि सक्तीची सारावसुली एकाच वाक्यात निघाली. रोगराई दोनदा आली, गुण एकदाच. सहाही मुद्दे सापडले.

मग मी हिरव्या खुणा मोजल्या, तर सात. सातवीला क्रमांक नव्हता. तिच्यापुढचं वाक्य होतं, 'त्या वर्षी गावात एकही कुत्रं भुंकलं नाही.' हे ना पुस्तकात होतं, ना आदर्श उत्तरात.

"हे मी नाही केलं," ते म्हणाले. हिरवा पेन त्यांच्याच हातात होता.

त्यांनी ती खूण खोडली आणि सहा गुण लिहिले. नंतर आम्ही दोघंही खिडकीकडे बघत राहिलो. टपरीवरची कुत्री केव्हापासून गप्प होती, हे दोघांनाही सांगता येईना.