बाप्पाची जागा आणि गॅसची खोली

आमच्या कॉम्प्लेक्समध्ये घरोघरी सिलिंडर चढवणं बंद करून एकाच खोलीतून सगळ्यांना पाइपनं गॅस द्यायचा, असं ठरलं तेव्हा कमिटीनं ती खोली कशी असावी, कुठे असावी, हे लिहून द्यायचं काम माझ्या गळ्यात मारलं. माझं शिक्षणच अग्निसुरक्षेतलं. नव्या रायपुरातल्या ऑफिसात मी दिवसभर हेच करते, आणि घरचं काम म्हणून फी मागायची सोय नाही.

नोट लिहिली. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला की वर जात नाही, जमिनीवर बसतो आणि उतार मिळेल तिकडे चालू लागतो. म्हणून झरोके अगदी फरशीलगत हवेत, बाहेरच्या दोन भिंतींना, आणि थोडे वरही, म्हणजे हवा खेळती राहील. दार बाहेर उघडणारं. आतला दिवा ठिणगी बाहेर न पडू देणारा, त्याचं बटण खोलीबाहेर. गळती ओळखणारं यंत्र जमिनीपासून वीतभर उंचीवर. छताला लावलं तर ते बिचारं टक लावून बसेल आणि खाली गॅस साचत राहील. गॅस पेट घेऊ शकेल इतका साचायच्या पुष्कळ आधी, त्याच्या पाचव्या हिश्शालाच, यंत्रानं भोंगा वाजवायचा आणि मुख्य पाइपावरची झडप आपोआप बंद करायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आजूबाजूला नियमातलं अंतर सोडून मोकळं: नाली नको, खड्डा नको, विस्तव नको, तळघराची वाट तर नकोच नको.

कमिटीनं जागा आधीच आखून ठेवली होती. फाटकाजवळ, जिथून गाड्या तळघरात उतरतात त्या उताराच्या अगदी डोक्यावर. चुन्याच्या रेघा मारून मोकळे झाले होते. कारण काय, तर सिलिंडरच्या गाडीला आत यावं लागत नाही. मी डोकं धरलं.

नियमात बसेल अशी दुसरी जागा एकच होती, मागच्या कुंपणाजवळची. वर उघडं आकाश, जवळ खिडकी नाही, नाली नाही, उतार नाही. पण तिथे आमच्या गणपतीचा ओटा होता. तो ओटा बांधला कमिटीच्या अध्यक्षकाकांनी. रेल्वेतून निवृत्त झालेले, मूळचे आमच्याच वऱ्हाडातले, आणि इथल्या मूठभर मराठी घरांना दरवर्षी त्या ओट्यावर गोळा करणारे तेच. मी मागच्या जागेचं नाव काढलं तर त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

“बाप्पा तिथून नाही हलत, पोरी. तुले दुसरी जागा सापडत नसन, तर तुहं शिक्षण कायले?”

मी चिडले, बोललेही तिखट. त्यांनी मग चारचौघांत माझी टर उडवली, की हिच्या नोटेत गॅस म्हणजे जनावरच आहे, इथे बसते, तिथे चालते. सगळे हसले. माझा जीव मात्र तळघरात अडकला होता. उतार संपतो तिथेच, खालच्या तोंडाशी, आमची इस्त्रीवाली दीदी टेबल लावून उभी राहते. गुढियारीहून सकाळी येते, दिवसभर कपड्यांना इस्त्री करते. तिची इस्त्री कोळशाची. वर गळलेला गॅस उतरत उतरत नेमका त्या निखाऱ्यांपाशी पोचला असता, आणि तिथे पेटला की ज्वाळा आल्या वाटेनं परत वर, खोलीपर्यंत. हे मी काकांना सांगितलं. ते म्हणाले, वरचा गॅस खाली इतका लांब कसा जाईल, वाऱ्यानं उडून नाही का जाणार? कागदावरच्या बाणानं कुणाला पटतं! मी बाण काढून दाखवला होता, लाल रंगाचा.

तेवढ्यात गणपती आले. पोट्ट्यांच्या डोक्यात आलं, की यंदा बाप्पा ढगातून आले पाहिजेत. त्यांनी कोरड्या बर्फाची खोकी आणली आणि गरम पाण्याचे ड्रम कुठे ठेवावेत? फाटकातून मूर्ती येणार म्हणून नेमके त्या चुन्याच्या रेघांमध्ये. मी आरतीचं ताट घेऊन उभी होते. संध्याकाळ होती, हवा अगदी पडलेली. ढोल वाजले, बर्फ पाण्यात पडला आणि पांढरा धूर उसळला.

आणि तो वर गेलाच नाही. ड्रमच्या काठावरून उतू गेलेल्या दुधासारखा खाली आला, फरशीवर पसरला, क्षणभर थांबला, आणि वळला. बाप्पाकडे नाही, उताराकडे. मी रोज जे लिहिते ते मी आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. माझा लाल बाण जिवंत होऊन माझ्यासमोरून चालत होता, काहीही आवाज न करता, घाई न करता, वाट माहीत असल्यासारखा. किती सुंदर होतं ते, काय सांगू! आणि मला इतकी भीती कधी वाटली नव्हती.

ताट कुणाच्या तरी हातात कोंबून मी खाली पळाले. काका माझ्या मागे. खाली दीदी टेबलाशी उभी, पायाखाली पाहून हसत होती. धूर तिच्या घोट्यांपर्यंत आला होता, टेबलाच्या पायांची टोकं दिसेनाशी झाली होती, आणि खाली विटांवर ठेवलेल्या इस्त्रीतले निखारे त्या पांढऱ्यातून लाल दिसत होते. हा धूरही साचला तर श्वासाला वाईटच, म्हणून मी तिला हात धरून उताराच्या कडेनं वर आणलं आणि पोट्ट्यांना ओरडून ड्रम बंद करायला लावले. काका मात्र खालीच खिळले होते. त्यांना दुसऱ्यांदा हाक मारावी लागली.

वर आल्यावर ते चुन्याच्या रेघांपाशी गेले. ढोल थांबले होते. मग त्यांनी मूर्तीकडे पाहून हात जोडले आणि मला म्हणाले, “लिही तुह्या नोटेत. बाप्पा हलन.”

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. त्या ओट्याची वीट न् वीट त्यांनी उभं राहून लावून घेतली होती.

विसर्जनानंतर ओटा फोडला. काका पाहायला आले नाहीत. त्या जागी खोली उभी राहिली, नोटेत लिहिली तशीच, आणि पुढच्या वर्षी बाप्पा फाटकाजवळ बसले, त्या पुसलेल्या रेघांवर. आता काका रोज सकाळी फिरायला निघाले की त्या खोलीला बाहेरून एक चक्कर मारतात आणि खालच्या झरोक्यांत अडकलेला पालापाचोळा काठीनं काढतात. कुणी त्यांना सांगितलेलं नाही.

गॅस सुरू करायच्या दिवशी यंत्राची चाचणी झाली. नळीनं त्याच्यावर जरासा चाचणीचा गॅस सोडला, भोंगा वाजला, पलीकडे झडप खट्कन बंद झाली. दीदी बाहेर उभी राहून पाहत होती. ती मला म्हणाली, हे इतकं खाली काहून लावलं, घुशी कुरतडतील ना. मी म्हटलं, दीदी, त्या दिवशी तुझ्या पायाशी ते पांढरं आलं होतं, आठवतं? गॅसही तसाच येतो.

तिनं वाकून त्या वीतभर उंचीवरच्या डबीकडे पाहिलं.

“ओ हा तो दिखत रहिस, दीदी,” ती तिच्या छत्तीसगढीत म्हणाली. “ए हा तो दिखय नइ.”