गुलाबी कुर्ता आणि बाळाचे गाल

आमच्या छापखान्यात रंग तपासणाऱ्या बाईंना सगळे राखाडीबाई म्हणतात, कारण कामावर त्या कायम राखाडीच कपडे घालतात. आज मात्र लेकीनं हट्टानं दिलेला गुलाबी कुर्ता घालून आल्या.

मुखपृष्ठावर बाळाचा फोटो होता. बाई तपासणीच्या दिव्याखाली छापील प्रूफवर वाकल्या, मग स्क्रीनवरच्या मूळ फोटोकडे बघितलं. रंग जुळत होता, तरी त्यांची चुळबुळ थांबेना. उठत होत्या, बसत होत्या.

"बाई, मशीन खोळंबलंय माझं! जुळतंय ना, मग करा की सही," मी वैतागून म्हणालो.

"जुळतंय, पण मनाला पटत नाही." एवढं बोलताना त्यांची नजर स्वतःच्या कुर्त्यावर गेली आणि त्यांनी कपाळावर हात मारला. खुंटीवरचा माझा राखाडी कोट त्यांनी गळ्यापर्यंत चढवला. कुर्त्याची गुलाबी झाक प्रूफवरून सरली आणि कागदावरचे गाल चक्क हिरवट दिसू लागले. स्क्रीनवर ते गुलाबीच होते.

प्रूफ दुरुस्तीला परत गेलं.

तेवढ्यात लेकीचा फोन आला, कुर्ता शोभतोय का म्हणून.

"शोभतोय म्हणजे काय!" बाई म्हणाल्या. "अगं, आजारी बाळसुद्धा टवटवीत दिसायला लागलं होतं!"